ए२ पोस्टरवरून ए५ फ्लायर आणि ए६ हँडबिल: चेहरे लांबट न होता, पांढरी पट्टी न राहता

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं ए२ पोस्टर कोरलमध्ये तयार आहे. त्याचंच ए५ फ्लायर आणि ए६ हँडबिल करायचं आहे. छापखान्याने दिलेल्या मापात बसवायला गेलो की कधी वर-खाली पांढरी पट्टी राहते, कधी वक्त्यांचे चेहरे लांबट होतात. डिझाइन न बिघडवता छोटं कसं करायचं?

उत्तर:

ए२ वरून ए५ ला जाताना ३५.३६ टक्के आणि ए६ ला जाताना २५ टक्के. रुंदीला आणि उंचीला हाच एक आकडा लावायचा, गुणोत्तराचं कुलूप बंद ठेवून. एवढं केलं तर चेहरा लांबट होऊच शकत नाही आणि पट्टीही राहत नाही. तरीही ती राहत असेल, तर छापखान्याने तुम्हाला दिलेलं माप ए५ नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारी वाचून मला जवळजवळ खात्री आहे की ते १/८ डेमी, म्हणजे डेमी नावाच्या १८ × २३ इंची कागदाचा आठवा भाग आहे. आधी तेवढं सोडवू, मग छोटं करण्याच्या खऱ्या कामाकडे येऊ.

ए मालिकेतल्या प्रत्येक कागदाची रुंदी आणि उंची १ : १.४१४ या प्रमाणात असते, म्हणजे १ ला २ चं वर्गमूळ. आयताचं प्रमाण नेमकं एवढं असेल तरच तो मधोमध दुमडल्यावर अर्ध्या भागाचं प्रमाण तेच राहतं. दुसऱ्या कुठल्याही प्रमाणात हे होत नाही. लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १७८६ साली एका पत्रात ही गोष्ट लिहून ठेवली होती. १९२२ मध्ये जर्मनीने त्यावर कागदाचं प्रमाणमाप बांधलं आणि तेच पुढे आंतरराष्ट्रीय झालं. आपल्या कामापुरता अर्थ असा, की ए२ ते ए६ ही पाचही पानं एकाच पानाची लहानमोठी रूपं आहेत. एक पायरी उतरायची तर ७०.७१ टक्के, दोन पायऱ्या ५०, तीन पायऱ्या ३५.३६ आणि चार पायऱ्या २५. झेरॉक्स मशीनवर ए३चं ए४ करायला ७१ टक्के येतात ते यामुळेच.

डेमीचं तसं नाही. १८ × २३ इंची डेमीचं प्रमाण १.२८. ती अर्धी केली की १.५७, पाव केली की पुन्हा १.२८, आणि १/८ ला पुन्हा १.५७ च्या आसपास. म्हणजे डेमीच्या प्रत्येक घडीला पानाचा चेहराच बदलतो. आता तुमचं काय झालं असेल ते आकड्यांत बघा. १/८ डेमी कापून साधारण साडेपाच × साडेआठ इंच राहते, म्हणजे १४० × २१६ मिलिमीटर. ए५ आहे १४८ × २१०. डेमी ए५ पेक्षा रुंदीला ८ मिलिमीटर कमी आणि उंचीला ६ मिलिमीटर जास्त. कुलूप उघडं ठेवून डिझाइन त्या चौकटीत ताणलं, की रुंदी साडेपाच टक्के आकसते, उंची जवळजवळ तीन टक्के वाढते, आणि चेहरा नऊ टक्क्यांच्या आसपास लांबट दिसतो. माणसाचा चेहरा आपण इतका ओळखतो, की पाच टक्क्यांचा फरकही डोळ्याला खटकतो. कुलूप बंद ठेवून रुंदी १४० वर बसवली, तर उंची १९८ च भरते, आणि उरलेले १८ मिलिमीटर वर नऊ, खाली नऊ असे पांढरे राहतात. एकाच चुकीच्या मापाच्या या दोन खुणा आहेत.

छापखानेवाला हट्ट का करतो, तेही सांगतो, कारण त्याच्याशी बोलायला ते कामाला येईल. १८ × २३ च्या शीटचे आठ भाग केले तर एक भाग १४६ × २२८ मिलिमीटरचा येतो. ए५ ची रुंदी १४८. दोन मिलिमीटरने अडतं, मग कटिंग आणि ब्लीड, म्हणजे कापताना कड पांढरी दिसू नये म्हणून बाहेर वाढवलेली पार्श्वभूमी, हे तर दूरच. त्यामुळे त्याच्या शीटमधून आठ ए५ निघतच नाहीत, आणि तो म्हणतो, ‘तेच हो, थोडं इकडेतिकडे करून बसवा.’ त्याला २५ × ३६ ची अर्धी शीट, म्हणजे १८ × २५, वापरायला सांगा. ४५७ × ६३५ मिलिमीटरमध्ये ब्लीडसकट आठ ए५ आरामात बसतात, ग्रिपरला, म्हणजे मशीन कागद पकडते त्या कडेला, जागा राहते, आणि ए६ असेल तर सोळा बसतात. आर्ट पेपरमध्ये २५ × ३६ सहज मिळतो. आणि कोणाशीही बोलताना ‘ए५’ एवढंच म्हणू नका, ‘कापून किती मिलिमीटर?’ असं विचारा. बाजारात ए५, १/८ डेमी आणि ‘हाफ साइझ’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात.

हाच प्रश्न तुमच्या पोस्टरलाही विचारा. कोरलमध्ये पानाचं माप ४२० × ५९४ आहे का ते बघा. पुष्कळ ठिकाणी १८ × २३ च्या पोस्टरलाच ए२ म्हणतात, आणि ए२ तर १८ × २३ मध्ये मावतच नाही, उंचीला दहा मिलिमीटर कमी पडतात. मूळच डेमीत बांधलं असेल, तर पुढचा हिशेब तुमच्या कामाचा नाही. आधी पोस्टर ए२ वर नव्याने मांडून घ्यावं लागेल.

छापखाना कागद बदलायला तयारच नसेल, तर १/८ डेमीसाठी एकच सभ्य मार्ग आहे. डिझाइन कुलूप लावून रुंदीच्या हिशेबाने छोटं करा, वर-खाली उरलेल्या जागेत फक्त पार्श्वभूमी वाढवा, आणि शीर्षकाचा गट थोडा वर, पत्त्याचा गट थोडा खाली सरकवा. वस्तू सरकवायच्या, ताणायची एकही नाही.

आता माप खरोखर ए५ आणि ए६ आहे असं धरून चालू.

मूळ फाइल बाजूला ठेवा आणि तिची प्रत उघडा. छोटं करण्याआधी पानाच्या बाहेर, पांढऱ्या जागेत, बरोबर १०० मिलिमीटरचं एक वर्तुळ काढा आणि सगळं एकत्र निवडून गट करा. वरच्या पट्टीतलं कुलूप बंद करून टक्क्यांच्या घरात ३५.३६ टाका. मग गट सोडा, वर्तुळावर क्लिक करा आणि माप वाचा. दोन्ही घरांत ३५.३६ मिलिमीटर असलं पाहिजे. ए६ साठी दोन्हीकडे २५. दोन आकडे वेगळे दिसले तर कुठेतरी कुलूप उघडं राहिलं होतं. चेहऱ्याकडे बघून ‘ठीक वाटतंय’ म्हणण्यापेक्षा हा आकडा वाचणं मला जास्त भरवशाचं वाटतं. संध्याकाळी, घाईत, दहाव्या दुरुस्तीनंतर डोळा ताणलेल्या चेहऱ्यालाही सरावतो.

इथे एक बारीक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात टाकते. ए२ चे ३५.३६ टक्के केले की १४८.५ × २१० येतात, आणि ए५ मात्र १४८ × २१० आहे. ए६ लाही उंची १४८.५ येते, हवी १४८. प्रमाणमापात मिलिमीटर नेहमी खालच्या पूर्णांकाला धरलेले असतात, म्हणून हा अर्धा मिलिमीटर. तो बसवायला कुलूप उघडू नका. डिझाइन पानाच्या मध्यावर ठेवा, पाव पाव मिलिमीटर दोन्हीकडून कटिंगमध्ये जाईल.

कोरलमध्ये दोन गोष्टी टक्क्यांचं ऐकत नाहीत. पहिली म्हणजे रेषांची जाडी. आउटलाइनच्या खिडकीत, म्हणजे `F12` दाबल्यावर, वस्तूबरोबर जाडी बदलण्याची खूण केलेली नसेल, तर पोस्टरवरची ४ पॉइंटची चौकट ए६ वरही ४ पॉइंटचीच राहते. ती मग चौकट राहत नाही, काळा पट्टा होते. आउटलाइन दिलेल्या अक्षरांचं तर पोटच भरून जातं. एकेक रेषा शोधत बसण्यापेक्षा छोटं करण्याआधीच प्रत फाइलमध्ये `Ctrl+Shift+Q` ने आउटलाइनचं वस्तूत रूपांतर करून घ्या, म्हणजे ती बाकी चित्रासारखीच आकसते. दुसरी गोष्ट पॅराग्राफ टेक्स्टची. त्याची चौकट छोटी होते आणि आतली अक्षरं तशीच राहून शेवटच्या ओळी गडप होतात. गडप झालेली ओळ पडद्यावर दिसत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षातही येत नाही. छोटं करण्याआधी असा मजकूर `Ctrl+F8` ने आर्टिस्टिक टेक्स्ट करून घ्या, किंवा छोटं केल्यावर प्रत्येक चौकटीतला शेवटचा शब्द मूळ पोस्टरशी ताडून बघा. अक्षरांचं कर्व्ह, म्हणजे आकारांत रूपांतर, मात्र अगदी शेवटी करा, कारण आता मजकुराला हात लावायचा आहे.

इथवर भूमिती झाली, आणि तिने दिलेली प्रत नेमकी मूळ पोस्टरसारखी दिसेल. पण कटिंगची पाती, शाई आणि वाचणाऱ्याचा डोळा या तीन गोष्टी तुमच्याबरोबर छोट्या होत नाहीत.

पातीचं आधी. पोस्टरला तुम्ही चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड ठेवलं असेल. २५ टक्के केल्यावर ते पाऊण मिलिमीटर उरतं. हँडबिलं पाचशेच्या गठ्ठ्यात कापली जातात, आणि गठ्ठ्यात एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होणं ही चूक धरत नाहीत, तेवढं होतंच. पाऊण मिलिमीटरच्या ब्लीडवर निम्म्या हँडबिलांना कडेला पांढरी दोरी दिसणार. म्हणून हिशेब उलटा करायचा. ए६ वर ३ मिलिमीटर हवेत, तर ए२ च्या मूळ फाइलमध्ये १२ हवेत. पार्श्वभूमी सुरुवातीलाच चारही बाजूंनी १२ मिलिमीटर बाहेर ओढून ठेवा. पोस्टर छापताना त्यातले ३ च वापरायचे. ए५ ला आपोआप सव्वाचार येतील, ए६ ला बरोबर ३. पार्श्वभूमीला फोटो असेल तर तो मुळातच तेवढा मोठा निवडावा लागतो, ऐनवेळी ओढून वाढवता येत नाही.

एक चूक मी फार वेळा बघतो. ब्लीडसकट बनवलेली पोस्टरची पीडीएफ घेऊन ती ब्लीडसकट ए५ च्या चौकटीत बसवतात. ब्लीड धरून ए२ होतं ४२६ × ६००, आणि ए५ होतं १५४ × २१६. दोघांना सारखेच ३ मिलिमीटर जोडल्यामुळे १.४१४ चं प्रमाण दोन्हीकडे मोडलेलं असतं, आणि वेगवेगळं मोडलेलं असतं. ताण अर्ध्या टक्क्याहूनही कमी पडतो, डोळ्याला कळणार नाही, पण डिझाइन ३५.३६ ऐवजी ३६ टक्क्यांच्या वर जातं आणि कडेचा मजकूर पातीकडे सरकतो. छोटं करताना मोजायचं ते नेहमी कापलेलं माप. ब्लीड नंतर लावायचं.

कडेच्या मजकुराचाही तोच न्याय. पोस्टरवर अक्षरं कडेपासून १५ मिलिमीटर आत असतील तर ए६ वर ती पावणेचारवर येतात. मला ए६ वर निदान ५ हवे असतात, म्हणजे पोस्टरवर २०. आणि पोस्टरला कडेने नक्षीची चौकट असेल, तर ती हँडबिलावर ठेवू नका. कडेपासून ६ मिलिमीटरवरची चौकट ए६ वर दीड मिलिमीटरवर येते. पाती एक मिलिमीटर सरकली की एका बाजूला अर्धा आणि दुसऱ्या बाजूला अडीच. पत्रक सरळ कापलेलं असूनही वाकडं दिसतं, आणि बोल मात्र कटिंगवाल्याला लागतो.

आता अक्षरांकडे येऊ. या कामाचा निम्मा वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

तुमच्या पोस्टरवर साधारण असं काही असेल असं धरतो: मालेचं नाव १६० पॉइंट, वक्त्यांची नावं ५४, विषय आणि तारखा ३६, स्थळ आणि फोन २६, कार्यकारिणीची आणि देणगीदारांची नावं १८. ए५ वर हे आकडे होतात ५७, १९, पावणेतेरा, ९ आणि साडेसहा. ए६ वर ४०, साडेतेरा, ९, साडेसहा आणि साडेचार. म्हणजे ए५ वर फक्त शेवटची ओळ मरते. ए६ वर शेवटच्या दोन ओळी मरतात, आणि त्यातली एक स्थळ-फोनची, म्हणजे ज्यासाठी हँडबिल वाटायचं तीच.

देवनागरीसाठी मी पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षराला ८ पॉइंटच्या खाली जात नाही. रोमन लिपीत ६ पॉइंट वाचता येतं म्हणून इथेही चालेल असं नसतं. आपल्या ओळीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार या सगळ्यांना त्याच पॉइंटांत जागा द्यावी लागते, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला, फॉन्टनुसार, साधारण निम्मीच उंची येते. साडेसहा पॉइंटमध्ये ‘राष्ट्रीय’ मधला ष्ट्र हा एक ठिपका होतो. ‘बुद्ध’ मधला द्ध बुजतो. ‘गुरु’ आणि ‘गुरू’ यांत फरक राहत नाही. ‘संत’ चा अनुस्वार गेला की ‘सत’ उरतं, आणि वाचणारा अडखळतो.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर हे दुपटीने होतं. त्या पांढऱ्याच्या भोवती चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर बसायच्या असतात. एखादी केसभर सरकली की अनुस्वाराचं बारीक पांढरं छिद्र रंगाने भरून जातं. मॅपलिथोसारख्या बिनचमकीच्या कागदावर शाई आणखी पसरते. पांढऱ्या अक्षरांना म्हणून १० पॉइंट आणि जाड वजनाचा फॉन्ट, त्याखाली नाही. फार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाची हँडबिलं मी अशीच पोस्टरवरून सरळ छोटी करून दिली होती. वेळेची ओळ गडद लाल रंगावर पांढरी होती, सहा पॉइंटच्या आत. छापून आल्यावर ‘सायं. ५’ मधला पाच चारसारखा दिसत होता. पडद्यावर मी ते मोठं करून तपासलं होतं, कागदावर खऱ्या मापात एकदाही बघितलं नव्हतं. कितीतरी माणसं तासभर आधी येऊन उन्हात बसली. त्यांत म्हातारी माणसंही होती. तेव्हापासून तारीख, वेळ आणि फोन मी पांढऱ्यात ठेवत नाही. त्यांच्याखाली फिकी पट्टी घालतो आणि अक्षर निव्वळ काळ्या शाईत घेतो. निव्वळ काळं म्हणजे एकाच प्लेटचं. पोस्टरवर मोठ्या शीर्षकाला चार रंगांचं दाट काळं शोभतं. तेच काळं आठ पॉइंटच्या मजकुराला लागलं, तर प्लेट सरकल्यावर अक्षराला रंगीत सावली येते.

मग साडेसहाचे आठ करायला जागा कुठून आणायची? इथे हात आपोआप एका चुकीकडे जातो: अक्षरं आडवी दाबून ८० टक्के करायची. ते करू नका. चेहरा ताणण्याइतकीच ती मोडतोड आहे. आडवं दाबल्यावर काना आणि उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. ओळ वरून काळी आणि खालून अशक्त दिसते. जागा मजकुरातूनच काढावी लागते, आणि त्यासाठी वाचनालयाच्या मंडळींना विश्वासात घ्यावं लागतं.

तुमच्यासारख्याच एका व्याख्यानमालेचं काम मी कसं केलं ते सांगतो. सात दिवस, सात वक्ते. पोस्टरवर चार रकान्यांचं कोष्टक होतं: वार, तारीख, वक्ता, विषय. खाली मालेच्या परंपरेवर एक परिच्छेद, मग कार्यकारिणीची अकरा नावं, मग देणगीदारांची आठ बोधचिन्हं. ए५ वर मी फक्त दोन गोष्टी केल्या. अकरा नावांच्या जागी अध्यक्ष आणि कार्यवाह अशी दोनच नावं ठेवली, आणि परिच्छेद काढला. त्यातून मिळालेल्या पट्टीत स्थळ आणि फोन ९ वरून ११ पॉइंटवर नेले. बाकी सगळं ३५.३६ टक्क्यांवर जसंच्या तसं.

ए६ वर कोष्टक टिकत नव्हतं. चार रकाने ९५ मिलिमीटरच्या आत बसवायचे, तर लांब विषय तीन ओळींत तुटायचा. म्हणून कोष्टक मोडलं आणि प्रत्येक दिवसाला दोन ओळी दिल्या: वरती तारीख आणि वक्त्याचं नाव १० पॉइंट जाड, खाली विषय साडेआठ साधा. वार काढला, कारण तारीख होती. हे सगळं मागच्या बाजूला गेलं. पुढच्या बाजूला शीर्षक, मुख्य चित्र, ‘अमुक ते अमुक तारीख, रोज सायंकाळी ६’, स्थळ आणि फोन. बोधचिन्हं आठही मागे, पण एका ओळीत आठ न ठेवता चार-चारच्या दोन ओळींत. देणगीदारांनी आधी कुरकुर केली. एका कागदावर दोन्ही नमुने काढून त्यांच्या हातात दिले, आणि एका ओळीतलं आपलंच बोधचिन्ह त्यांना वाचता येईना, तेव्हा ते लगेच मान्य झालं. दोन्ही बाजूंनी छापल्याने खर्च थोडा वाढला, पण पत्रक वाचता आलं.

हे करूनही ते त्याच पोस्टरचं भावंड दिसलं पाहिजे. त्यासाठी मी तीन गोष्टींना हात लावत नाही: शीर्षकाची अक्षरं आणि त्यांची चित्राशी असलेली जागा, रंग, आणि पान वरून किती अंतरावर विभागलं आहे ती रेषा. चौकात पोस्टर बघितलेला माणूस हातात हँडबिल आल्यावर याच तीन गोष्टींवरून ओळखतो. खालचा बारीक मजकूर बदलला तर त्याला जाणवत नाही.

फोटोंचं मात्र काळजीचं कारण नाही. पोस्टरवर १५० डीपीआय असलेला फोटो ए५ वर आपोआप ४२० च्या पुढे जातो, कारण तेच ठिपके कमी जागेत बसतात. फाइल जड झाली तर ३०० वर आणा आणि त्यानंतर थोडं शार्पन करा. उलटी वाट कधी धरू नका. ए५ साठी केलेला ३०० डीपीआयचा फोटो ए२ वर नेला की १०६ उरतो, आणि चेहरा धूसर होतो. म्हणून मूळ नेहमी मोठ्यातच बांधायचं.

क्यूआर कोड गटातून बाहेर काढा. पोस्टरवरचा ७० मिलिमीटरचा कोड ए६ वर साडेसतरावर येतो, आणि त्यात नकाशाची लांबलचक लिंक भरलेली असेल तर त्याचे चौकोन शाईत मिसळतात. छोटी लिंक घेऊन नवा कोड करा, त्यात चौकोनच कमी असतात. तो निदान २० मिलिमीटरचा ठेवा, आणि भोवती चार चौकोनांइतकी रिकामी जागा सोडा. तो काळा आणि पार्श्वभूमी पांढरीच असू द्या.

पत्रक निवडणुकीचं असेल तर आणखी एक. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर असावाच लागतो. पोस्टरच्या तळाशी १४ पॉइंटमध्ये असलेली ती ओळ ए६ वर साडेतीन पॉइंट होते, म्हणजे नसल्यासारखीच. ती वेगळी बसवा.

थोड्या प्रती डिजिटलवर काढणार असाल तर शीटचं माप बघा. दुकानात बहुतेक १२ × १८ किंवा १३ × १९ इंची शीट असते. ब्लीडसकट चार ए५ ना ३०८ × ४३२ मिलिमीटर लागतात, आणि १२ इंच म्हणजे ३०५ च. तीन मिलिमीटरसाठी ऑपरेटर सगळं ९८ टक्क्यांवर ओढतो आणि तुम्हाला सांगतही नाही. १३ × १९ मागा. पीडीएफ काढताना प्रिंटच्या खिडकीत `Fit` निवडलेलं नाही, `Actual size` आहे, हे त्याच्या शेजारी उभं राहून बघा.

शेवटचा नमुना घरच्या साध्या प्रिंटरवर, १०० टक्के मापात, कापून घ्या. तो पट्टीने मोजा: १०५ × १४८. मग वाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या एखाद्या आजोबांच्या हातात द्या, आणि कार्यक्रम कधी, कुठे आणि फोन कोणता, एवढंच मोठ्याने वाचायला सांगा. ते जिथे कागद डोळ्यांपासून लांब धरतील, ती ओळ अजून लहान आहे. ती वाढवा आणि मगच कर्व्ह करून फाइल पाठवा.